नाव पुसलं तरी पुडा ओळखू येतोच

प्रश्न: लहान मुलांच्या चित्रपुस्तकासाठी इलस्ट्रेटरला ब्रीफ, म्हणजे चित्रात काय हवं त्याचं वर्णन, लिहून द्यायचं काम नवीनच घेतलंय. रेफरन्स म्हणून गावातल्या एका किराणा दुकानाचे फोटो मिळालेत आणि त्यात जिकडे बघावं तिकडे ब्रँड. प्रकाशकांनी सांगितलंय की एकही ब्रँड, लोगो दिसता कामा नये. सगळं काढून टाकलं तर दुकान ओकंबोकं दिसतं, आणि नुसतं 'बिस्किटचा पुडा, नाव नको' असं लिहिलं तर रफमध्ये, म्हणजे कच्च्या चित्रात, नाव सोडून बाकी तोच पुडा येतो. मग नेमकं लिहायचं तरी काय?

उत्तर:

तुमच्या रफमध्ये जे झालं ते इलस्ट्रेटरच्या चुकीमुळे नाही झालेलं, ते ब्रीफमुळे झालंय, आणि मीपण पहिली दोन-तीन वर्षं अगदी हेच करत होतो. आपल्याला वाटतं ब्रँड म्हणजे नाव. प्रत्यक्षात पाकिटावरचं नाव हा ओळखीतला सगळ्यात कमी भाग असतो. वाचता न येणारं चार वर्षांचं पोर दुकानात बोट दाखवून बरोब्बर आपलाच पुडा मागतं ना, ते काय वाचून? रंगांची जोडी, आकार, चित्र कुठे आहे, पट्टी कुठे आहे, यावरून. आणि तुमचं पुस्तक वाचणारपण नेमकं तेच पोर आहे.

कंपन्यांना हे फार पूर्वीपासून कळलेलं आहे. कोका-कोलाने १९१५ साली बाटली बनवणाऱ्यांना काम दिलं तेव्हा मागणीच अशी होती की अंधारात हात लावून कळली पाहिजे आणि जमिनीवर फुटून पडली असली तरी तुकड्यांवरून ओळखता आली पाहिजे. म्हणजे बाटलीवर एक अक्षर नसलं तरी चालेल. आता तुम्ही ब्रीफमध्ये 'कंबरेत बारीक, उभ्या खाचांची काचेची बाटली, वर काही लिहिलेलं नाही' असं लिहिलं तर तुम्ही ब्रँड काढलेला नाही, त्याचं नुसतं वर्णन केलंय. आपल्याकडचा १९९९ चा ट्रेडमार्क कायदासुद्धा वस्तूचा आकार, वेष्टन आणि रंगांचं मिश्रण हे सगळं 'चिन्ह' या शब्दात धरतो. आणि २००३ मध्ये दिल्ली हायकोर्टात कोलगेट विरुद्ध अँकर अशी केस झाली, ती दंतमंजनाच्या डब्यावरच्या लाल-पांढऱ्या रंगांवरून, एक तृतीयांश लाल आणि दोन तृतीयांश पांढरा, आणि कोर्टाने अंतरिम मनाई दिलीसुद्धा. ते भांडण एका मालाचं दुसऱ्या मालाशी होतं, चित्राशी नव्हतं, पण नजर कशावर ठरते ते त्यातून कळतं.

एक खुलासा करून टाकतो. चित्रात ब्रँड दिसला की लगेच गुन्हा झाला असं काही नाही, आणि मी वकीलपण नाही. प्रकाशकाची कारणं बहुतेकदा वेगळी असतात. पुस्तक दुसऱ्या भाषेत किंवा दुसऱ्या देशात विकायचं असतं, तीच चित्रं पुढे कॅलेंडरला, खेळाच्या बॉक्सला वापरायची असतात, किंवा मुलांच्या पुस्तकात बिस्किट-कोल्ड्रिंकची फुकट जाहिरात नको असते. त्यामुळे 'कायद्याने चालतंय की' हा वाद त्यांच्याशी घालत बसू नका, तो वेळ ब्रीफवर घाला.

आता कामाला लागू. फोटो समोर ठेवा आणि प्रत्येक ब्रँडेड वस्तूला आधी एकच प्रश्न विचारा, की ही वस्तू या चित्रात कशाला आहे. वर्णन नंतर. माझ्याकडे मागे असंच एक पान होतं, सात-आठ वर्षांची मुलगी सकाळी किराण्यात बिस्किटं आणायला येते, काउंटर तिच्या नाकाएवढा उंच, दुकानदारकाका आत. फोटोत मी मोजले तर ओळखू येणाऱ्या तेवीस वस्तू होत्या. त्यातली कथेला हवी असलेली एकच, बिस्किटचा पुडा. दुकान हे दुकान वाटावं म्हणून हव्या असलेल्या चार-पाच: वरून लोंबणाऱ्या पुड्यांच्या माळा, कोल्ड्रिंकचा फ्रिज, बरण्या, तेलाचे डबे, दुकानाची पाटी. आणि बाहेर उभी आजोबांची स्कूटर, कारण पुढच्या पानावर ती लागणार होती. बाकी सगळ्या वस्तू फोटोत होत्या म्हणून होत्या. गुटख्याच्या माळा, रिचार्जची स्टिकरं, सिमेंटची जाहिरात, ते सरळ गेलं. नवीन माणूस तेवीसच्या तेवीस वस्तूंना 'जेनेरिक' करत बसतो आणि ब्रीफ चार पानांचं होतं, मग इलस्ट्रेटर ते वाचतच नाही.

बिस्किटच्या पुड्यावर जरा वेळ घालवतो, कारण तो जमला की बाकीचं जमतं. फोटोत पारले-जी होता. माझं पहिलं ब्रीफ असं होतं: 'पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा पुडा, वर लहान मुलीचं चित्र, नाव लिहू नये.' वाचून बघा, हे सांगितल्यावर महाराष्ट्रातला कुठलाही माणूस काय म्हणेल? नाव सोडून मी सगळं लिहून दिलं होतं. मग दुसऱ्या वेळेला शहाणपण केलं आणि फक्त 'बिस्किटचा पुडा' एवढंच लिहिलं. त्याचं काय झालं तुम्हाला माहितीच आहे, परत तोच आला. कारण शब्द मोकळा सोडला की इलस्ट्रेटरचा हात त्याच्या लहानपणाकडे जातो आणि त्याच्या लहानपणी बिस्किट म्हणजे तोच पुडा होता. तिसऱ्या वेळेला म्हटलं रंग बदलू, पिवळ्याचा लाल केला, आणि तो एका दुसऱ्याच बिस्किटासारखा दिसायला लागला. आगीतून फुफाट्यात.

तेव्हा कळलं की एक गोष्ट बदलून भागत नाही. ओळख ही तीन-चार गोष्टींच्या जुळणीत असते, रंगांची जोडी, बाह्याकार, आणि खुणेची जागा म्हणजे चेहरा, पट्टी किंवा गोल कुठे बसवलाय. यातल्या निदान दोन मोडल्या पाहिजेत. आणि मोडलेल्या जागी काहीतरी खरं भरलं पाहिजे, नाहीतर वस्तू मेल्यासारखी दिसते. शेवटी जे ब्रीफ पास झालं ते हे:

'बिस्किटांचा छोटा पुडा, मुलीच्या तळहातापेक्षा थोडा लांब. पातळ चकचकीत प्लास्टिक, दोन्ही टोकांना करवतीसारखी कातरलेली कडा, आतल्या बिस्किटांच्या कडांमुळे वरून किंचित उंचसखल. रंग फिकट पोपटी, एका टोकाला आडवी तपकिरी पट्टी. पुढच्या बाजूला दोन गोल बिस्किटं एकावर एक टेकलेली. कोपऱ्यात हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका. अक्षरांच्या जागी दोन जाड लाटा. चेहरे, प्राणी, मुकुट काही नाही.'

बघा यात पहिली दोन वाक्यं रंगाबद्दल नाहीतच. आधी वस्तू काय, मग हाताच्या मानाने केवढी, मग कशाची बनलेली आणि प्रकाश तिच्यावर कसा पडतो, आणि रंग त्यानंतर. हा क्रम मी मुद्दाम पाळतो, कारण ब्रँड जवळजवळ नेहमी रंगात आणि छपाईत असतो, आणि वस्तूचा खरेपणा मटेरियल, वजन, चुरगळणं यात असतो. कातरलेली कडा, फुगलेलं पाकीट, आतलं बिस्किट दाबून तुटल्यामुळे आलेला खळगा, हे कुणाच्या मालकीचं नाही आणि मुलांना खरं वाटतं ते यामुळेच.

तो हिरवा ठिपका पाहिलात ना? तो शाकाहारी पदार्थावर छापायचा सरकारी नियमातला ठिपका आहे, कुठल्या कंपनीचा नाही. बारकोडपण तसाच, नुसत्या उभ्या रेघा काढल्या की झालं. अशा कुणाच्याही नसलेल्या पण प्रत्येक पाकिटावर असणाऱ्या खुणा मी जमवून ठेवल्यात, कारण नाव काढल्यावर पाकीट जे पोरकं दिसतं ते यांच्यामुळे परत पाकीट दिसायला लागतं. हे मला उशिरा सुचलं, त्याआधीची माझी सगळी पाकिटं औषधाच्या सॅम्पलसारखी पांढरी फटक असायची.

आणखी एक शेवटची पायरी, जी ऑफिसात बसून होत नाही. ब्रीफ हातात घेऊन खऱ्या दुकानात जायचं आणि फळीवर बघायचं की आपण कल्पनेतून काढलेला पोपटी-तपकिरी पुडा तिथे आधीच विकायला ठेवलेला तर नाही. माझ्या बाबतीत दोनदा तो ठेवलेला निघालाय. दुकानदार विचित्र नजरेने बघतो, पण पाच रुपयांचं काहीतरी घ्यायचं आणि निघायचं.

आता नकारांबद्दल, कारण तुम्ही 'नाव नको' लिहिलंत. 'अमुक ब्रँडसारखा दिसू नये' हे वाक्य ब्रीफमध्ये कधीच लिहायचं नाही. वाचणाऱ्याच्या डोक्यात सगळ्यात आधी तोच येतो आणि मग तो त्यापासून दूर पळायच्या नादात त्याच्याच भोवती फिरतो. पण 'चेहरे, प्राणी, मुकुट नाही' हा नकार चालतो, कारण त्यात कुठली ठरावीक वस्तू डोळ्यासमोर येत नाही, एक सबंध प्रकारच बंद होतो. तोसुद्धा शेवटी, एकाच ओळीत.

चेहऱ्याचं वेगळं सांगतो. पावडरच्या पाकिटावरची फ्रॉकमधली मुलगी, लोण्याच्या पाकिटावरची ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगी, यांना 'थोडं बदलून' घ्यायचा मोह सगळ्यांना होतो. फ्रॉकचा रंग बदलू, वेणी घालू वगैरे. ते करू नका. ती नुसती खूण नाही, कुणीतरी काढलेलं चित्र आहे, त्यामुळे तिथे ट्रेडमार्कबरोबर कॉपीराइटपण येतो. मॅस्कॉट दिसला की तो काढायचा आणि जागी वस्तूचंच चित्र टाकायचं, लोण्यावर लोण्याची वडी, साबणावर फेस.

तसाच दुसरा मोह म्हणजे गमतीशीर नाव. एक अक्षर बदलून 'पारळे-जी' किंवा असलंच काहीतरी. इलस्ट्रेटरना हे फार आवडतं आणि रफमध्ये हमखास येतं. मोठ्यांच्या व्यंगचित्रात ठीक आहे, पण इथे आपलं काम ब्रँड ओळखू येऊ नये हे आहे, आणि हा विनोद तो ओळखू आल्याशिवाय चालतच नाही. वर कायद्यात ज्याला फसवं साम्य म्हणतात त्याच्या दिशेने आपणच चालत जातो. अक्षरं काढून लाटा.

फ्रिजकडे येऊ. फोटोत लाल फ्रिज, काचेचं दार, वरती उजेडाची लाल पट्टी आणि त्यावर पांढरी वळणदार रेघ. इथे कथेच्या दृष्टीने काम काय, तर दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात एक थंड उजेड. म्हणून ब्रीफमध्ये उजेडच लिहिला: 'दुकानदाराच्या मागे उंच उभा फ्रिज, काचेचं दार, कडा मळक्या पांढऱ्या, खाली गंजाचे दोन डाग. आतून निळसर पांढरा उजेड, तो काकांच्या खांद्यावर पडलाय. काचेवर खालच्या अर्ध्या भागात बाष्प. आत सरळ खांद्याच्या, सारख्या उंचीच्या प्लास्टिक बाटल्या, काही केशरी, काही पाण्याच्या, झाकणं वेगवेगळ्या रंगांची. दुधाच्या पिशव्या खालच्या फळीवर, एकमेकींवर लवंडलेल्या.' बाष्पामुळे अर्ध्या बाटल्यांची लेबलं दिसतच नाहीत, म्हणजे त्यांचं वर्णन करायची गरज उरली नाही. ही युक्ती कायम लक्षात ठेवा. वस्तू अर्धी झाकणं, पाठमोरी ठेवणं, बाष्प, सावली, समोर आलेला हात, यांनी निम्मी कामं होतात. मात्र सगळ्या पानावर सगळ्या बाटल्या पाठमोऱ्या झाल्या तर तेही विचित्र दिसतं, दुकानदार रुसल्यासारखं.

काळं पेय मी मुद्दाम टाळलं. काळं पेय, लाल झाकण आणि कुठलीही वळणदार बाटली म्हटलं की झालं काम.

लोंबणाऱ्या शाम्पूच्या माळांमध्ये लोक उगाच घाबरतात, तिथे तर सोपं आहे. मुळात माळ ओळखू येते ती तिच्या लयीमुळे, एकाखाली एक दहा-बारा चौकोन, मधे फाडायची टिंबांची रेघ, आणि खालचे दोन तुटून गेलेले. एवढंच लिहायचं, 'प्रत्येक माळ एकाच रंगाची, शेजारची वेगळ्या रंगाची, वाऱ्याने एक जरा वळलेली, उन्हाची तिरीप पडते तिथे चंदेरी चमक.' एका पुडीवरती काय छापलंय ते नखाएवढ्या आकारात कुणी बघत नाही. फक्त एका पुडीवर एक रंग, त्यावर दुसरा रंग चढवायचा नाही, कारण दोन रंग आले की जोडी झाली आणि जोडी झाली की कुणाची तरी आठवण येते.

पाटीचं मात्र थांबून बघा. आपल्याकडे छोट्या दुकानांच्या पाट्या बऱ्याचदा कंपनीनेच दिलेल्या असतात, मधे दुकानाचं नाव आणि दोन्ही टोकांना कंपनीचा लोगो. नुसता लोगो पुसला तर पाटीचा रंग कंपनीचाच राहतो. म्हणून मी पाटी बदलूनच टाकतो, पत्र्यावर हाताने रंगवलेली, एका बाजूला पोपडे गेलेली. दुकानाचं नाव लिहायचंच असेल तर ते लेखकाकडून घ्या, आपल्या मनाने देऊ नका, आणि नाव जरा वेगळं वाटलं तर ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या वेबसाइटवर फुकट शोधता येतं, तिथे वर्ग विचारतात, बिस्किट-चहाला ३०, साबण-पावडरला ३. 'श्री गणेश किराणा' असल्या नावाला एवढं करायची गरज नाही, ती गल्लोगल्ली आहेत.

रंगाच्या बाबतीत एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, नाहीतर तुम्ही घाबरून सगळंच राखाडी करून टाकाल. काही रंग कंपनीचे नसतात, वस्तूचे किंवा गावाचे असतात. घरगुती गॅसचा १४.२ किलोचा सिलिंडर लाल असतो, कुठल्याही कंपनीचा असो, तर तो लालच ठेवायचा, फक्त पोटावरचं चिन्ह घालवायचं. पोस्टाची पेटी लाल. मुंबईची टॅक्सी काळी-पिवळी. एसटी लाल, ती निळी केली तर पोरं हसतील. तिथे मी लाल ठेवून महामंडळाचं चिन्ह आणि अक्षरं तेवढी काढतो, आणि प्रकाशकाला तसं आधी विचारून घेतो. कसं ओळखायचं? विचारायचं की हा रंग बदलला तर वस्तू कळायची थांबते का. सिलिंडर जांभळा केला तर सिलिंडर वाटत नाही, म्हणजे रंग वस्तूचा. बिस्किटचा पुडा पोपटी केला तरी बिस्किटच वाटतो, म्हणजे तो पिवळा रंग कंपनीचा होता.

शब्दांकडे वळू, कारण निम्मे ब्रँड फोटोत नसतात, आपल्याच तोंडात असतात. मी एकदा पूर्ण ब्रीफ स्वच्छ करून पाठवलं आणि त्यात 'दुकानाबाहेर झेरॉक्सचं मशीन' असं लिहून ठेवलं होतं, रफमध्ये मशीनवर ठसठशीत लोगो. आपण 'कॅडबरी' म्हणतो आणि आपल्याला चॉकलेट म्हणायचं असतं, 'डालडा' म्हणतो वनस्पती तुपाला, 'बिसलेरी' म्हणतो पाण्याच्या बाटलीला, 'जेसीबी' म्हणतो खोदायच्या यंत्राला, 'फेविकॉल' म्हणतो पांढऱ्या गोंदाला. 'स्कूटी' एका कंपनीचं नाव आहे आणि 'लुना' तर आपल्या पुण्याच्याच कायनेटिकचं. इलस्ट्रेटर तो शब्द गुगलवर टाकतो, पहिला फोटो उघडतो आणि काढतो, त्याचं काय चुकलं? गंमत म्हणजे 'टेम्पो'पण मूळचं एका जर्मन गाडीचं नाव, पुण्यात बजाज टेम्पो नावाची कंपनी ती बनवायची, पण तो शब्द आता इतका सगळ्यांचा झालाय की त्यावरून कुणाच्या डोळ्यासमोर एकच गाडी येत नाही, म्हणून तो चालतो. तीच कसोटी. शब्द उच्चारल्यावर दहा जणांच्या डोळ्यासमोर एकच वस्तू येते का दहा वेगळ्या.

आजोबांच्या स्कूटरला हेच लावलं. 'चेतक' लिहिलं असतं तर एका शब्दात काम झालं असतं, पण लिहिलं असं: 'जुनी पत्र्याची स्कूटर, समोर गुडघे झाकणारा रुंद पत्रा, गोल दिवा हँडलवर, सीट एका बाजूला शिवलेली, मागे स्टेपनी, रंग उडालेला करडा-हिरवा, मडगार्डवर मळकट पांढरी नंबरप्लेट, आकडे दिसत नाहीत कारण पिशवी आडवी आलीय.' खरं सांगायचं तर ही अजूनही त्या जुन्या स्कूटरच्या जवळ जाते. पण गोल दिवा, पुढचा पत्रा, मागची स्टेपनी हे त्या काळच्या बऱ्याच स्कूटरमध्ये होतं, एकाची मक्तेदारी नव्हती. मी तेवढं चालवून घेतलं, बाजूच्या फुगीर भागाचा आकार मात्र बदलायला लावला, थोडा चपटा. गाड्यांमध्ये हेच लक्षात ठेवा, समोरची जाळी आणि दिव्यांचा आकार ही गाडीची सही असते, मागून किंवा तिरकी दाखवता आली तर निम्मी डोकेदुखी जाते. फोनचंही तसंच, पाठीवरचं फळ खोडून फायदा नाही, कॅमेऱ्यांची मांडणीच सांगते, फोन स्क्रीनकडून दाखवा.

दोन गोष्टी हमखास नजरेतून सुटतात. भिंतीवरचं कॅलेंडर, कारण ते आपल्याला ब्रँड वाटतच नाही. मराठी घरात आणि दुकानात खिळ्याला कालनिर्णय असतं, आणि त्याची तारखांची मांडणीसुद्धा लांबून ओळखू येते. 'तारखांचा कागद, कोपरा वळलेला, एका तारखेभोवती पेनाने गोल' एवढं लिहा. कॅलेंडरवर वरती ताजमहाल हॉटेलचा फोटो वगैरे असेल तर तोही काढा, मुंबईच्या त्या इमारतीच्या रूपालाच २०१७ मध्ये ट्रेडमार्क मिळालेला आहे. दुसरी म्हणजे औषधांच्या डब्यावरचा पांढऱ्यावर लाल क्रॉस. तो कंपनीचा लोगो नाहीच, पण जिनिव्हा करारांनी राखून ठेवलेलं चिन्ह आहे आणि आपल्याकडे १९६० च्या कायद्याने त्याच्या वापरावर बंधन आहे. इलस्ट्रेटर तो सवयीने काढतात. हिरव्यावर पांढरा क्रॉस लिहा, किंवा डब्यातून डोकावणारी बँडेजची गुंडाळी.

आता फोटोचं. तुम्ही ब्रीफबरोबर मूळ फोटोही जोडलाय असं मी धरून चालतो. तो जोडलात तर ब्रीफ कितीही चांगलं असो, हात फोटोकडेच जाणार. मी फोटो दोन तुकड्यांत देतो. एक, जागेसाठी: पूर्ण फोटो पण इतका धूसर केलेला की काउंटर कुठे, उजेड कुठून, माणूस केवढा एवढंच कळावं. दोन, मटेरियलसाठी: छोटे कापलेले तुकडे, पुड्याची कातरलेली कडा, बरणीचं झाकण, गंजाचा डाग, ज्यात कुठलंही छापील काही येत नाही. आख्खी वस्तू एकाही तुकड्यात दिसता कामा नये.

रफ आलं की तपासायची माझी पद्धत साधी आहे. पान मोबाइलवर घ्यायचं, अंगठ्याएवढं करायचं, आणि ज्याने फोटो पाहिलेला नाही अशा माणसाला एकेका वस्तूवर बोट ठेवून विचारायचं, हे काय आहे. 'यात ब्रँड दिसतो का' असं विचारायचं नाही, मग तो शोधायला लागतो. उत्तर 'बिस्किटचा पुडा' आलं तर पास. कंपनीचं नाव आलं तर नापास. आणि 'काय माहीत, खोका आहे काहीतरी' असं आलं तरीपण नापासच, हे बरेच जण विसरतात आणि पान गुळगुळीत निर्जीव करून बसतात. निदान दोघांना विचारा, एक मोठं माणूस आणि एक लहान पोर. माझ्या त्या पानाच्या वेळी मोठ्यांनी सगळं पास केलं होतं आणि शेजारच्या सहा वर्षांच्या मुलाने काउंटरवरच्या बरणीतल्या गोळीवर बोट ठेवून धाडकन नाव सांगितलं. केशरी गोळी, पारदर्शक कागद, दोन्ही बाजूंनी पीळ, मला त्यात काहीच दिसलं नव्हतं. कागद पिवळसर अपारदर्शक केला आणि बरणीत तीन रंगांच्या गोळ्या मिसळल्या, तेव्हा तो म्हणाला, 'गोळ्या आहेत.'

तुमच्या पुस्तकाचं अजून रफच चालू आहे, तर सगळं ब्रीफ एकदम परत लिहू नका. पुडा, फ्रिज आणि पाटी एवढ्या तिघांचंच नवीन वर्णन पाठवा, धूसर फोटोबरोबर, आणि पेन्सिल रफ मागवा, रंग नको. पेन्सिलमध्येसुद्धा ब्रँड ओळखू आला तर घोळ आकारात आहे, आणि पेन्सिलमध्ये नाही पण रंग भरल्यावर आला तर घोळ जोडीत आहे, मग कुठली ओळ बदलायची ते आपोआप कळतं.